नवी कॅप उंच लागते तेव्हा दवाखान्याला काय लिहावं?

दाताला कॅप बसवून माणूस घरी येतो. तोंडातला बधिरपणा उतरतो, जेवायला बसल्यावर पहिला घास चावला जातो आणि लक्षात येतं की बाकीचे दात एकमेकांना टेकायच्या आधीच ती नवी कॅप समोरच्या दातावर आपटते आहे. खडा चावल्यासारखं वाटतं. घरातले म्हणतात, नवीन आहे, चार दिवसांत सवय होईल. रुग्णालाही डॉक्टरांना लगेच फोन करणं अवघड वाटतं, कारण खुर्चीत असताना त्यांनी विचारलं तेव्हा ‘बरोबर वाटतंय’ असं त्यानंच सांगितलेलं असतं.

अशा वेळी दवाखान्याला एक नीट पत्र लिहावं. मग ते कागदावर द्या, ईमेल करा किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवा. कॅप कुठे, केव्हा आणि कोणत्या हालचालीत लागते हे फक्त रुग्णाला कळतं, आणि डॉक्टरांच्या हातातल्या साधनांना ते पूर्णपणे कळत नाही. म्हणून त्या पत्रात काय असावं आणि का असावं, हे एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण एका निवृत्त शिक्षिकेचं घेऊ. त्यांच्या खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनल झालं. दाढ ठिसूळ होऊन फुटू नये म्हणून तिच्यावर झिरकोनियाची कॅप बसवायचं ठरलं. माप घेतलं, लॅबमधून कॅप आली आणि बुधवारी संध्याकाळी ती सिमेंटनं पक्की केली. हिरडीजवळ काम होतं म्हणून आधी सुन्न करायचं इंजेक्शन दिलं होतं. रात्री भाकरीचा घास चावताना त्यांना कॅप उंच लागली. गुरुवारी सकाळी वरची दाढही हुळहुळू लागली.

त्यांच्या मनात आलेला पहिला प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो. रूट कॅनलमध्ये दाताची नस काढून टाकली, मग हा दात दुखतो कसा?

दाताला दोन वेगळ्या जाणिवा असतात. गार-गरम कळतं ते दाताच्या आतल्या नसेमुळे, आणि रूट कॅनलमध्ये ती काढलेली असते. दाब कळतो तो मात्र दाताच्या मुळाभोवतीच्या पातळ पडद्यामुळे. दात जबड्याच्या हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो, साधारण पाव मिलिमीटर जाडीचा किंवा त्याहूनही थोडा कमी. दात या तंतूंवर तोललेला असतो आणि त्या तंतूंमध्ये दाब ओळखणाऱ्या नसांची टोकं असतात. रूट कॅनलनंतरही हा थर जिवंतच राहतो. कॅप उंच असली की प्रत्येक घासाला सगळा भार आधी त्या एकाच दातावर येतो, तंतू ठेचले जातात, सुजतात आणि दाबलं की दुखतं. सुजलेल्या थरामुळे दात स्वतःच किंचित वर उचलला जातो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तो आदल्या दिवसापेक्षाही उंच भासतो. समोरच्या दाढेलाही तोच मार बसतो, म्हणून तीही दुखते.

या नसा फार तल्लख असतात. नैसर्गिक दातांच्या मध्ये २० मायक्रॉनच्या आसपास जाडीची पट्टी ठेवली तरी माणसाला ती जाणवू शकते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरक तोंडाला कळतो. दवाखान्यात उंची तपासायला जो रंगीत कागद वापरतात, त्याचे ८ मायक्रॉनच्या फिल्मपासून २०० मायक्रॉनच्या जाड कागदापर्यंत अनेक प्रकार मिळतात. जाड कागदानं तपासलं तर इतका बारीक फरक त्यात बुडून जातो. म्हणून ‘कागदावर तर काही दिसत नाही’ असं डॉक्टर म्हणाले तरी रुग्णाची तक्रार खरी असू शकते.

मग खुर्चीत असतानाच ती का कळली नाही? याची कारणं दोन, आणि दोन्ही पत्रात लिहिण्यासारखी आहेत. पहिलं कारण इंजेक्शन. खालच्या दाढांसाठी दिलेल्या इंजेक्शननं त्या बाजूच्या खालच्या दातांभोवतीच्या तंतूंची जाणीव काही तास जाते. अशा वेळी ‘चावून बघा’ म्हटल्यावर माणूस चावतो खरा, पण आधी काय टेकलं हे त्याला कळत नाही. दुसरं कारण झोपण्याची स्थिती. खुर्ची मागे केलेली असते, तोंड बराच वेळ उघडं राहून स्नायू थकलेले असतात आणि खालचा जबडा किंचित मागे सरकलेला असतो. त्या स्थितीत दात जिथे मिळतात आणि ताठ बसून जेवताना जिथे मिळतात, त्या जागा तंतोतंत एक नसतात. त्यामुळे आडवं असताना बरोबर वाटलेली कॅप ताटावर बसल्यावर लागू शकते.

‘सवय होईल’ या सल्ल्याकडेही नीट पाहायला हवं. कॅपचा आकार, तिचा गुळगुळीतपणा, जिभेला लागणारी नवी कड या गोष्टींची सवय खरोखर चार-सहा दिवसांत होते. उंचीचं तसं नाही. उंच कॅपचा त्रास कधीकधी आपोआप कमी होतो, पण तो कसा कमी होतो हे महत्त्वाचं आहे. एक तर सततच्या दाबानं तो दात किंवा समोरचा दात हळूहळू आत दाबला जातो किंवा सरकतो. नाहीतर जबडा त्या दाताला चुकवून वेगळ्या वाटेनं मिटायला शिकतो आणि गालाचे, कानशिलाचे स्नायू दुखू लागतात. काही वेळा कॅपवरचा सिरॅमिकचा टवका उडतो किंवा समोरच्या दाताला तडा जातो. दुखणं थांबलं म्हणजे उंची बरोबर झाली, असं म्हणता येत नाही. म्हणून आठवडाभर वाट पाहण्यापेक्षा दोन-तीन दिवसांत कळवलेलं बरं. त्या दोन दिवसांत बधिरपणा पूर्ण गेलेला असतो, दोन-चार जेवणं झालेली असतात आणि नेमकं काय होतंय हे शब्दांत सांगता येतं.

लिहिण्याआधी थोडं निरीक्षण करायचं. ताठ बसावं, खांदे सैल सोडावेत आणि दात अगदी सावकाश मिटावेत. आधी कुठे टेकतं? दुसऱ्या बाजूचे दात मिळवण्यासाठी जोर लावावा लागतो का? मग दात हलके मिटलेले ठेवून खालचा जबडा डावीकडे, उजवीकडे आणि पुढे सरकवावा. कुठे अडखळतं? दुखणं चावताना होतं की चावणं सोडताना? कापसासारखं मऊ काही चावल्यावरही दुखतं की फक्त भाकरी, शेंगदाणे, चिवडा यांनीच? हे एक-दोनदा पाहावं आणि थांबावं. दिवसभर दात आपटून बघत राहिलं तर तंतू आणखी दुखावतात आणि मग खरं काय आणि सूज काय हे वेगळं करता येत नाही.

आमच्या उदाहरणातल्या शिक्षिकांनी शुक्रवारी लिहिलेलं पत्र असं असू शकेल:

ता. १३ जून

प्रति,
डॉक्टर मॅडम,

विषय: नवीन कॅप (खालची डावी पहिली मोठी दाढ, क्र. ३६) उंच लागत असल्याने तपासणी व दुरुस्तीबाबत.

स. न. वि. वि.

बुधवारी, ११ जूनला संध्याकाळी आपण माझ्या वरील दाढेवर झिरकोनियाची कॅप सिमेंटने पक्की केली. या दाढेचे रूट कॅनल आपल्याकडेच गेल्या महिन्यात झाले आहे. कॅप बसवताना इंजेक्शन दिलेले होते आणि मी खुर्चीत आडवी होते. तेव्हा चावून पाहिल्यावर मी बरोबर वाटते असे सांगितले होते. बधिरपणा रात्री दहाच्या सुमारास गेला, आणि त्यानंतर जेवताना कॅप उंच असल्याचे जाणवले.

आत्ताची स्थिती अशी आहे. ताठ बसून सावकाश दात मिटले की सर्वांत आधी ही कॅप वरच्या दाढेला टेकते. उजव्या बाजूचे दात टेकवण्यासाठी जोर लावावा लागतो. दात मिटून जबडा डावीकडे सरकवला की कॅपच्या बाहेरच्या बाजूला अडखळते. भाकरी किंवा शेंगदाणे चावताना या दाढेत ठसठस होते आणि जेवणानंतर अर्धा तास राहते. मऊ भात खाताना दुखत नाही. कालपासून समोरची वरची दाढही चावताना हुळहुळते. कॅप बसवण्यापूर्वी या बाजूने चावताना त्रास नव्हता.

सूज, ताप, पू किंवा रात्री झोपमोड करणारी वेदना नाही. हिरडी थोडी दुखरी आहे. फ्लॉसचा दोरा दोन्ही बाजूंनी जातो, पण मागच्या बाजूला तो कॅपच्या कडेला अडकून फाटल्यासारखा होतो. मी रक्तदाबाची रोजची गोळी घेते. सध्या उजव्या बाजूने चावते आहे.

आपणास विनंती की,
१. शक्यतो सोमवारपर्यंत सकाळची वेळ द्यावी.
२. तपासणी इंजेक्शन न देता, आणि शेवटी मला ताठ बसवून करावी. सरळ चावण्याबरोबर डावी-उजवीकडच्या हालचालीही पाहाव्यात.
३. कॅप पूर्ण खाली बसली आहे का, तिची कड दाताला सर्व बाजूंनी नीट भिडली आहे का, हे पाहावे. गरज वाटल्यास एक्स-रे काढावा.
४. कॅप घासावी लागल्यास नंतर पॉलिश करावी. वरची दाढ घासण्याची वेळ आली तर आधी मला सांगावे.
५. दुरुस्तीनंतर आठ-दहा दिवसांनी फेरतपासणीची वेळ द्यावी.

या भेटीचे वेगळे शुल्क असल्यास कृपया आधी कळवावे. लॅबचे वॉरंटी कार्ड माझ्याकडे आहे, ते सोबत आणीन.

कळावे,
आपली विश्वासू

या पत्रात राग नाही आणि निदानही नाही. ‘तुम्ही कॅप चुकीची बसवली’ असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, कारण उंची कुठून आली हे अजून कुणालाच माहीत नाही. माप घेताना वरच्या-खालच्या दातांची मिळणी नोंदवण्यात फरक पडला असेल. तात्पुरती कॅप मध्ये निघून पडली असेल आणि तेवढ्या दिवसांत दात किंचित सरकले असतील. लॅबमध्ये फरक झाला असेल. किंवा कॅप स्वतः योग्य उंचीची असून सिमेंट लावताना पूर्ण खाली बसली नसेल. यातलं काय घडलं हे तपासूनच कळणार, आणि तपास कुठून सुरू करायचा हे पत्रातली वाक्यं सांगतात.

पत्रातला ३६ हा आकडाही उगाच आलेला नाही. दातांच्या डॉक्टरांच्या दोन आकडी पद्धतीत पहिला आकडा तोंडाचा चौथा भाग सांगतो आणि दुसरा आकडा मधल्या दातापासूनचा क्रम. ३ म्हणजे रुग्णाची खालची डावी बाजू आणि ६ म्हणजे मधून मोजत गेल्यावर सहावा दात, म्हणजेच पहिली मोठी दाढ. हा आकडा पावतीवर किंवा केसपेपरवर असतोच. तो लिहिला की ‘डावी’ म्हणजे कुणाची डावी, हा घोळ राहत नाही.

सगळ्यांत मोलाची ओळ फ्लॉसची आहे. ती समजण्यासाठी उंचीच्या दोन प्रकारांतला फरक लक्षात घ्यायला हवा.

पहिल्या प्रकारात कॅप दातावर पूर्ण खाली बसलेली असते, कड नीट भिडलेली असते, पण वरचा एखादा उंचवटा जास्त असतो. तो घासला की काम झालं. दुसऱ्या प्रकारात कॅप पूर्ण खाली गेलेलीच नसते. शेजारच्या दाताशी ती फार घट्ट असेल, सिमेंट घट्ट होऊ लागल्यावर दाब दिला गेला असेल किंवा एका बाजूला कलंडली असेल, तर ती अधांतरी राहते. कॅप चिकटवण्याच्या सिमेंटचा थर अगदी पातळ, २५ मायक्रॉनच्या आत राहावा अशी त्याच्या प्रमाणित चाचणीतली अपेक्षा असते. त्याऐवजी तिथे मिलिमीटरच्या काही दशांशांइतकी फट राहिली तर वरचा भाग घासून उंची बरोबर करता येईल, पण फट तशीच राहील. तिथलं सिमेंट झिजतं, अन्न आणि जंतू आत जातात आणि कॅपखाली कीड लागते. रूट कॅनल झालेल्या दातात ही कीड दुखतच नाही, कारण ती जाणवून देणारी नस आत नसते. कळतं तेव्हा दात बुंध्याशी मोडायला आलेला असतो. म्हणून कड तपासण्याआधी कॅप घासू नये. फ्लॉस एका बाजूला अडकून फाटत असेल तर तिथे कड उघडी आहे किंवा जास्तीचं सिमेंट चिकटून राहिलं आहे, अशी शंका घ्यायला जागा असते.

आता दवाखान्यात काय होतं ते पाहू. डॉक्टर आधी बारीक टोकाच्या सळईनं कॅपची कड चारी बाजूंनी चाचपतात आणि दोन दातांच्या मधला भाग दिसेल असा लहान एक्स-रे काढतात. झिरकोनिया एक्स-रेत पांढरी शुभ्र दिसते, त्यामुळे तिच्या कडेखालची काळी फट उठून दिसते. मात्र एक्स-रेमध्ये फक्त पुढची आणि मागची कड कळते. गालाकडची आणि जिभेकडची कड चाचपूनच समजते. आपल्या उदाहरणात मागच्या बाजूला हिरडीच्या कडेशी सिमेंटचा लहानसा कण अडकलेला निघाला. तो काढल्यावर फ्लॉस सुरळीत गेला आणि हिरडी दुखण्याचं कारणही मिळालं. कड नीट होती, म्हणजे हा पहिला प्रकार ठरला.

मग उंची शोधायची. कॅप आणि समोरची दाढ वाऱ्यानं आणि कापसानं कोरडी करतात. हे महत्त्वाचं, कारण चकचकीत झिरकोनियावर थुंकी असली तर रंग उमटत नाही. काही डॉक्टर कागदाला व्हॅसलिनचा अगदी पुसट हात लावतात, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागावरही खूण बसते. पातळ निळा कागद ठेवून रुग्णाला दोन-तीनदा टक-टक चावायला सांगतात. जिथे भार जास्त असतो तिथे बरेचदा गडद कडा आणि मध्ये रंग नसलेला ठिपका अशी खूण दिसते, कारण जोराच्या दाबानं मधला रंग सरकून बाजूला जातो. पण खूण मोठी किंवा गडद म्हणजे भार तिथेच जास्त, असं गृहीत धरता येत नाही. कागदावरच्या खुणेचा आकार आणि प्रत्यक्ष दाब यांचा मेळ नेहमी बसत नाही, हे मोजमाप करणाऱ्या अभ्यासांत दिसलेलं आहे. म्हणूनच ‘बाहेरच्या बाजूला अडखळतं’ हे रुग्णाचं वाक्य लागतं.

त्यानंतर येते ८ मायक्रॉनची धातूची पातळ पट्टी. ती दातांच्या मध्ये धरून चावायला सांगतात आणि ओढून पाहतात. कॅपवर पट्टी घट्ट अडकते आणि उजव्या बाजूच्या दाढांमधून मात्र सहज सुटून येते, म्हणजे तिकडचे दात अजून मिळतच नाहीत. कॅप उंच असल्याचा हा कागदापेक्षा भरवशाचा पुरावा. रुग्णालाही तो डोळ्यांनी पाहता येतो.

आता डॉक्टर बारीक हिऱ्याच्या बरनं, पाण्याचा फवारा सोडून, खुणेपुरताच भाग घासतात. झिरकोनियाला नस नसते आणि या दाढेलाही नाही, त्यामुळे फक्त कंप जाणवतो. इंजेक्शनची गरज नसते, आणि दिलं तर तपासणीच निरुपयोगी होते. एकदम फार घासत नाहीत. थोडं घासायचं, कोरडं करायचं, पुन्हा चावायला लावायचं, पट्टी ओढून पाहायची. दुसऱ्या रंगाचा, समजा लाल, कागद ठेवून जबडा डावी-उजवीकडे सरकवायला सांगतात. या दाढेवर बाहेरच्या उतारावर एक लांबट लाल रेघ उमटली. शिक्षिकांनी लिहिलेलं अडखळणं तेच होतं. सरळ चावण्याच्या खुणा नीट केल्या आणि ही रेघ तशीच राहिली असती, तर कॅप टेकताना बरी वाटली असती, पण चघळताना दाढ पुन्हा दुखली असती. शेवटी खुर्ची सरळ करून, पाय खाली सोडून, पाच मिनिटं आराम करून पुन्हा एकदा चावून पाहिलं. पट्टी दोन्ही बाजूंना सारख्याच जोरानं धरली गेली.

घासण्याला मर्यादा असते. झिरकोनियाची अखंड कॅप चावण्याच्या पृष्ठभागावर साधारण एक मिलिमीटर जाड असावी, असा नेहमीचा संकेत आहे. काही प्रकारांना याहून कमी जाडी चालते. आतून धातू आणि वरून सिरॅमिक अशी कॅप असेल तर दीड ते दोन मिलिमीटर जागा लागते, आणि जास्त घासल्यास आतला पांढुरका मुलामा किंवा धातू दिसू लागतो. चिकटवण्यापूर्वी कॅपची जाडी उपकरणानं मोजता येते, चिकटवल्यावर मोजता येत नाही. म्हणून कधीकधी डॉक्टर समोरच्या दाढेचं एखादं टोकदार कंगोरं किंचित उतरवण्याचा पर्याय सुचवतात. तो नेहमीच चुकीचा नसतो. ती दाढ बाहेर आलेली असेल, तिची कड तीक्ष्ण झाली असेल तर तोच योग्य मार्ग ठरतो. पण ते नैसर्गिक इनॅमल आहे आणि एकदा घासलं की परत येत नाही, म्हणून आधी सांगा अशी विनंती पत्रात केली आहे.

उलट बाजूची चूकही होऊ शकते. कॅप इतकी घासली की ती समोरच्या दाताला टेकतच नाही. त्या दिवशी फार आराम वाटतो, पण दाताला समोरून आधार नसला की वरचा दात काही महिन्यांत हळूहळू खाली सरकत येतो. म्हणून उद्दिष्ट कॅप न लागण्याचं नसावं. इतर दातांच्या बरोबरीनं, त्याच क्षणी ती टेकावी, हे उद्दिष्ट.

पॉलिशचा मुद्दाही पत्रात आहे, कारण घाईत सुटतो तो हाच. लॅबमधून आलेल्या कॅपवर चकचकीत थर असतो. घासल्यावर तो जातो आणि खाली खरखरीत झिरकोनिया उघडी पडते. झिरकोनिया इनॅमलपेक्षा कठीण असते. नीट पॉलिश केलेली झिरकोनिया समोरच्या दाताला फारशी झिजवत नाही, पण खरखरीत राहिली तर दर घासाला समोरचं इनॅमल कातरत राहते. त्यासाठी ठरावीक क्रमानं रबरी टोकं आणि हिऱ्याची पेस्ट वापरतात. काही मिनिटांचं काम. जीभ फिरवून पाहिली की रुग्णालाही खरखर कळते.

घरी असताना काही गोष्टी मात्र करू नयेत. नखं घासायच्या कानशीनं किंवा पॉलिशपेपरनं कॅप स्वतः घासण्याचा प्रयत्न करू नये. ‘दाबून बसेल’ म्हणून सुपारी किंवा दाणे मुद्दाम त्या बाजूनं चावू नयेत, सिमेंट घट्ट झालेली कॅप खाली जात नाही, मार फक्त तंतूंना बसतो. भेट होईपर्यंत दुसऱ्या बाजूनं मऊ खावं, ब्रश नेहमीसारखा करावा आणि वेदनाशामक गोळी घ्यायचीच तर डॉक्टरांना विचारून घ्यावी.

काही लक्षणं असतील तर पत्र लिहून सोमवारची वाट पाहायची नसते, त्याच दिवशी फोन करायचा. गालाला किंवा हिरडीला सूज, ताप, पू, तोंड उघडायला त्रास, काही न चावताही ठणकून रात्री झोपू न देणारी वेदना, ही उंचीची लक्षणं नाहीत. ज्या दाताचं रूट कॅनल झालेलं नाही अशा दातावर कॅप बसवली असेल आणि गार पाण्याची कळ अर्धा-एक मिनिट रेंगाळत असेल, तर आतली नस दुखावली असण्याची शक्यता असते आणि कॅप घासून ती बरी होणार नाही. चावण्यापेक्षा चावणं सोडताना चमक निघत असेल तर दाताला तडा गेला आहे का, हे पाहावं लागतं. म्हणूनच पत्रात काय दुखतं याबरोबर काय दुखत नाही हेही लिहायचं. शिक्षिकांच्या पत्रातलं ‘सूज, ताप, पू नाही’ हे वाक्य वाचून दवाखान्याला ठरवता आलं की सोमवारपर्यंत थांबायला हरकत नाही.

आता राहिली फेरतपासणी. उंची बरोबर झाली की उंच वाटणं त्याच दिवशी जातं, पण ठेचलेल्या तंतूंचं दुखणं काही दिवस रेंगाळतं. ते दिवसागणिक कमी होत जातं, साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत संपतं. सूज उतरल्यावर दात पुन्हा खाली बसतो, आणि म्हणून सुजलेल्या दातावर केलेलं माप आठ-दहा दिवसांनी पुन्हा पाहावं लागतं. त्या भेटीत पट्टी पुन्हा ओढून पाहतात, कागदाच्या खुणा पाहतात, हिरडी पाहतात. तोवर दुखणं कमी झालेलं नसेल तर पुन्हा घासण्याची घाई करू नये. दोन वेळा नीट तपासून घासल्यावरही त्रास तसाच असेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्ग उरला आहे का, मुळाला उभा तडा आहे का, रात्री दात आवळण्याची सवय आहे का, हे पाहण्यासाठी नवा एक्स-रे काढावा लागतो आणि गरज पडल्यास रूट कॅनलच्या तज्ज्ञांचं मत घ्यावं लागतं. काही रुग्णांना, फार थोड्यांना, दात सर्व कसोट्यांवर बरोबर असूनही मिळणी चुकल्यासारखी वाटत राहते. अशांच्या बाबतीत दर वेळी थोडं थोडं घासत गेलं तर नुकसानच होतं.

तपासात कॅपच खाली बसलेली नाही असं निघालं, तर मात्र घासण्याचा आग्रह धरू नये. पक्की झालेली झिरकोनियाची कॅप बहुधा सबंध काढता येत नाही, कापूनच काढावी लागते आणि नवी करावी लागते. रुग्णाला हे ऐकून वाईट वाटतं, डॉक्टरांनाही सांगायला जड जातं. अशा वेळी नव्या कॅपचा खर्च कुणाचा, लॅबची वॉरंटी लागू होते का, तोवर तात्पुरती कॅप मिळेल का, हे त्याच भेटीत विचारून केसपेपरवर लिहून घ्यावं. कॅप बसवल्यापासून दोन दिवसांत, तारखेसह लिहिलेलं पत्र हातात असलं की त्रास पहिल्या रात्रीपासूनचा आहे हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही, आणि खर्चाचं बोलणं सरळ होतं.

या शिक्षिकांना तेवढी वेळ आली नाही. दुरुस्तीनंतर चौथ्या दिवशी त्यांना भाकरी त्या बाजूनं चावता आली आणि दहाव्या दिवशीच्या तपासणीत पट्टी दोन्हीकडे सारखी धरली गेली. डॉक्टरांनी केसपेपरवर दुरुस्तीची तारीख, कुठे घासलं ती जागा आणि सिमेंटचा कण काढल्याची नोंद केली आणि सहा महिन्यांनी कडेचा एक्स-रे पुन्हा काढायचं लिहून दिलं. पुढे कधी ही दाढ दुखलीच, तर कोणताही डॉक्टर या नोंदीपासून पुढे सुरुवात करू शकेल.